तक्रारींच्या फायली : जतन, सुरक्षितता आणि पाहण्याचा अधिकार

मुख्याध्यापकांचे परिपत्रक, मराठी माध्यम हायस्कूल (अनुदानित), खानापूर तालुका
दि. २ जून २०२५
सर्व शिक्षक, कारकून आणि शिपाई यांच्यासाठी

गेल्या पावसाळ्यात आठवीतल्या एका मुलीचा अर्ज कानडी भाषांतरासाठी बसस्टँडजवळच्या टायपिंग सेंटरवर पाठवला गेला. संध्याकाळपर्यंत त्यातला मजकूर तिच्या गावात पोहोचला होता. त्यानंतर नऊ दिवस ती शाळेत आली नाही. चूक आपल्या कार्यालयाची होती. खालील नियम आजपासून लागू आहेत.

भाषांतर आणि झेरॉक्स. क्षेत्र शिक्षणाधिकारी कार्यालयाशी आपला पत्रव्यवहार कानडीत चालतो, तक्रारी मात्र मराठीत येतात. यापुढे तक्रारीचे भाषांतर शाळेतच, कानडी विषयाचे शिक्षक माझ्या खोलीत बसून करतील आणि त्याखाली सही करतील. तक्रार त्यांच्याविरुद्धच असेल तर भाषांतर संस्थेचे सचिव करून घेतील. मूळ मराठी अर्ज फायलीतच राहील. त्यावर खाडाखोड करायची नाही, शुद्धलेखनसुद्धा सुधारायचे नाही. मुलाने जसे लिहिले तसाच तो पुरावा असतो. झेरॉक्स फक्त कार्यालयातल्या मशीनवर काढावी. तक्रारीच्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढणे किंवा स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे सक्त मना आहे.

नोंद. आवक नोंदवहीत फक्त तारीख आणि तक्रार क्रमांक लिहावा, नाव आणि विषय लिहू नये. ही नोंदवही दिवसभर टेबलावर उघडी असते आणि दाखल्यासाठी आलेले पालक ती सहज वाचतात. नावांची वेगळी वही कपाटात राहील.

कपाट. तक्रारींच्या फायली माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवाव्यात, माळ्यावर नाही. आपल्याकडचा पाऊस सर्वांना माहीत आहे. माळ्यावरच्या जुन्या गठ्ठ्यात निम्म्या अर्जांची शाई पसरली आहे, उरलेल्यांना वाळवी लागली आहे. फायली खालच्या खणात ठेवू नयेत. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी कपाट उघडून ओल पाहावी. एक किल्ली माझ्याकडे आणि दुसरी मोहोरबंद पाकिटात संस्थेच्या अध्यक्षांकडे राहील. संगणकावरची प्रत पासवर्ड घालून ठेवावी. पासवर्ड मॉनिटरला चिकटवू नये.

कोण पाहू शकेल. चौकशी करणारे आणि मी. इतर शिक्षकांना, वर्गशिक्षकांनाही, फाईल मिळणार नाही. त्यांना कामापुरते तोंडी सांगितले जाईल. तक्रारदाराला स्वतःच्या अर्जाची प्रत मागताच द्यावी. ज्याच्यावर आरोप आहे त्याला उत्तर देण्यासाठी आरोप कळलाच पाहिजे, पण साक्षीदार मुलांची नावे झाकून. तक्रार माझ्याविरुद्ध असेल तर ती फाईल माझ्या कपाटात येणार नाही, ती थेट अध्यक्षांकडे जाईल. फाईल पाहणाऱ्याने आतल्या कागदावर तारीख, वेळ आणि कारण लिहून सही करावी. संस्थेचे संचालक आणि गावातले पुढारी यांनाही हाच नियम. कोणी दडपण आणले तर माझ्याकडे पाठवा, तुम्ही वाईटपणा घेऊ नका.

माहिती अधिकारात अर्ज आला तर ३० दिवसांत लेखी उत्तर जाईल, पण कारकुनाने परस्पर फाईल दाखवू नये. महिला कर्मचाऱ्यांच्या लैंगिक छळाच्या तक्रारीबाबत २०१३ च्या कायद्याचे कलम १६ स्पष्ट आहे. तक्रारदार, आरोपी आणि साक्षीदार यांची ओळख व चौकशीचा मजकूर उघड करता येत नाही, माहिती अधिकारातही नाही. अंतर्गत समितीची फाईल वेगळी असून तिची किल्ली समितीच्या अध्यक्षा बाळगतील.

मुलांवरील लैंगिक अत्याचाराबाबत एक गोष्ट सर्वांनी पक्की ध्यानात ठेवावी. पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. गोपनीयतेच्या नावाखाली ते टाळता येत नाही, चौकशी पूर्ण होईपर्यंत थांबताही येत नाही. कळले त्याच दिवशी मला सांगा. मी नसेन तर स्वतः पोलिसांना कळवा किंवा १०९८ वर फोन करा.

किती वर्षे ठेवायच्या. माध्यान्ह आहार, बाकडी, फी अशा तक्रारी निकालानंतर ३ वर्षे. मुलांची आपसातली भांडणे आणि शिस्तीच्या तक्रारी, मूल शाळा सोडल्यावर ३ वर्षे. कर्मचाऱ्याविरुद्धच्या फायली त्याच्या निवृत्तीनंतर ५ वर्षे. लैंगिक अत्याचाराची फाईल ते मूल २५ वर्षांचे होईपर्यंत किंवा अपिलासह कोर्टाचा निकाल लागेपर्यंत, यांपैकी जे उशिरा येईल तोवर. कोर्टात, पोलिसांत किंवा माहिती अधिकारात प्रकरण चालू असेल तर मुदत संपली तरी एकही कागद नष्ट करू नये. तक्रारीचा उल्लेख मुलाच्या दाखल्यावर कधीही येता कामा नये.

मुदत संपलेले कागद रद्दीवाल्याला द्यायचे नाहीत. ते दोघांसमोर फाडून जाळावेत आणि तक्रार क्रमांकासह नोंद करून दोघांनी सही करावी.

माळ्यावरचे गठ्ठे शनिवारी, १४ जूनला सकाळची शाळा सुटल्यावर मी आणि कारकून उतरवू. वाचता येण्याजोगे सर्व अर्ज वाळवून कपाटात जातील. प्रत्येकाने हे परिपत्रक वाचून सूचना वहीत सही करावी. शिपाईमामांना ते मी स्वतः वाचून दाखवीन.

मुख्याध्यापक