जर्सीवर तुमच्या दुकानाचं नाव : प्रायोजकत्वासाठी विनंती

दिनांक : १४ सप्टेंबर २०२५

प्रति,
अण्णा,
हार्डवेअर व रंग भांडार, गल्लीच्या तोंडाशी

विषय : क्लबच्या येत्या वर्षाच्या पोशाखाचं व साहित्याचं प्रायोजकत्व

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

हे वर्गणीचं पत्र नाही, हे आधीच सांगते. वर्गणीची पावतीपुस्तकं घेऊन तुमच्या दुकानात वर्षभर कोण ना कोण येत असतं आणि तुम्ही कुणाला रिकाम्या हाती पाठवत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तो चांगुलपणा आम्हाला वापरायचा नाही. आम्ही जाहिरातीची जागा विकतो आहोत आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून तुमच्याकडे आलो आहोत. दर पटला तर घ्या, नाही पटला तर तसं मोकळेपणी सांगा. मुलं चुन्याची फक्की आणि सुतळी घ्यायला तुमच्याकडेच येत राहतील.

आपल्या गल्लीचा फुटबॉल क्लब तुम्ही रोज संध्याकाळी दुकानासमोरून जाताना पाहता. आज क्लबमध्ये ३६ मुलं-मुली आहेत. १३ वर्षांखालच्या लहान गटात १९ जण, त्यात ७ मुली. १६ वर्षांखालच्या मोठ्या गटात १७ जण. सर शिकवण्याचे पैसे घेत नाहीत. दर मुलामागे महिन्याला १०० रुपये घेतो, तेही ज्या घराला जड जातं त्या घराकडून घेत नाही. त्या पैशांत मैदानाचं भाडं, स्पर्धांची प्रवेश फी आणि बाहेरच्या सामन्यांना जायचा टेम्पो एवढंच बसतं. पोशाख आणि साहित्य त्यातून निघत नाही.

आमच्याकडे एकसारख्या जर्सी नाहीत. सरावाला ते चालतं, सामन्यात चालत नाही. दोन संघांचे रंग एकमेकांपासून वेगळे दिसलेच पाहिजेत आणि गोलकीपरचा रंग सगळ्यांहून निराळा हवा, असा खेळाचा नियम आहे. नाहीतर पास देताना आपला कोण, समोरचा कोण हे पोरांनाच कळत नाही, पंचांची गोष्ट तर सोडाच. गेल्या हंगामात आमची मुलं घरचे पांढरे टी-शर्ट घालून गेली आणि समोरचा संघही पांढऱ्यात आला. शेवटी आयोजकांनी दिलेली, आधीच्या सामन्यात घामाने भिजलेली बिब अंगावर चढवून आमची मुलं खेळली.

दुसरी गोष्ट शिन गार्डची, आणि मला जर्सीपेक्षा तीच जास्त महत्त्वाची वाटते. नडगीवर लाथ बसली तर काय होतं ते खेळलेल्या माणसाला सांगायला नको. नियमाने शिन गार्ड सक्तीचे आहेत, त्याशिवाय पंच मैदानात उतरू देत नाहीत. आमच्यातली काही मुलं मोज्यात पुठ्ठा खोचून उतरतात. पंचांच्या नजरेतून सुटतात, पण पुठ्ठ्याने नडगी वाचत नाही.

तिसरी गोष्ट चेंडूंची. मोठ्यांचा चेंडू पाच नंबरचा, घेर ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम. लहान गटाला चार नंबरचा, म्हणजे घेराने कमी आणि हलका चेंडू लागतो. आमच्याकडे सगळे पाच नंबरचेच आहेत, त्यातल्या दोघांची शिवण उसवलेली. दहा वर्षांच्या पोरीला जड चेंडूवर शिकवलं की ती हेडरच्या वेळी डोळे मिटते आणि लांबचा पास पायाच्या टोकाने मारायला लागते. ती सवय पुढे मोडायला सरांना फार त्रास होतो.

आता खर्च. तीन दुकानांत भाव विचारून, त्यातला मधला धरून हा हिशेब केला आहे.

जर्सी, शॉर्ट आणि मोजे मिळून एका मुलाचा संच ४५० रुपये, ३६ संचांचे १६,२०० रुपये. चार नंबरचे चार चेंडू २,८०० रुपये. पाच नंबरचे दोन चेंडू १,८०० रुपये. शिन गार्डच्या २० जोड्या ३,००० रुपये, बाकीच्या मुलांकडे स्वतःचे आहेत. गोलकीपरच्या हातमोज्यांच्या दोन जोड्या १,००० रुपये. प्रथमोपचाराची पेटी १,२०० रुपये. एकूण २६,००० रुपये.

यातले ८,००० रुपये पालकांनी आपापसांत जमवले आहेत, ते माझ्याकडे जमा आहेत. उरलेले १८,००० रुपये तुम्ही एका वर्षाच्या प्रायोजकत्वापोटी द्यावेत, अशी विनंती आहे. दोन हप्ते चालतील. अर्धे ऑर्डर देताना, अर्धे जर्सी हातात पडल्यावर.

त्या बदल्यात तुम्हाला काय मिळेल? ३६ जर्सींच्या छातीवर दुकानाचं नाव. पाठीवर नंबर असतो, तिथे नाव घातलं तर दोन्ही वाचता येत नाहीत, म्हणून छाती. डाव्या बाजूला वर क्लबचं छोटं चिन्ह आणि मधोमध तुमचं नाव, दुकानाच्या पाटीवर ज्या अक्षरांत आहे त्याच अक्षरांत, एका रंगात. फोन नंबर आणि पत्ताही घाला असं काहीजण सुचवतात. माझं मत विचाराल तर घालू नये. पळत्या मुलाच्या अंगावरचा दहा आकडी नंबर कुणीही वाचत नाही, नुसती गर्दी होते आणि नाव लहान करावं लागतं. नाव ठळक असलं की दुकान कुठे आहे ते इथे सगळ्यांना माहीत आहे.

छपाई सब्लिमेशनची करून घेणार आहोत. त्यात शाई कापडातच उतरते, वर चिकटवलेल्या अक्षरांसारखी धुण्यात तडकून निघत नाही. रोज धुतल्या जाणाऱ्या कपड्यावर अर्धं सोललेलं दुकानाचं नाव मिरवण्यापेक्षा जाहिरात नसलेली बरी. सब्लिमेशन पॉलिएस्टरच्या फिकट कापडावरच नीट उठून दिसतं, म्हणून जर्सी पिवळी आणि अक्षरं गडद निळी ठरवली आहेत. गोलकीपरच्या जर्सी फिकट हिरव्या.

शिवाय आमच्या मैदानावर सामने असतील तेव्हा गोलमागच्या जाळीजवळ तुमचा बॅनर लागेल. बॅनर तुम्ही द्यायचा, बांधणं-सोडणं आमच्याकडे. क्लबच्या पालकांच्या ग्रुपवर आणि सामन्यांच्या पत्रकांवर ‘पोशाख प्रायोजक’ म्हणून नाव जाईल. वर्षभर दुसऱ्या कुठल्याही हार्डवेअर किंवा रंगाच्या दुकानाची जाहिरात आम्ही घेणार नाही. तंबाखू, गुटखा, दारू यांची जाहिरात तर कुणाचीच, कितीही पैशांची घेणार नाही, म्हणजे तुमच्या नावाशेजारी नको ते नाव येण्याची काळजी नको.

जर्सीमुळे तुमची विक्री अमुक टक्क्यांनी वाढेल असं मी लिहिणार नाही, कारण ते मला माहीत नाही आणि तुम्हीही त्यावर विश्वास ठेवणार नाही. एवढं मात्र खरं की ही मुलं जर्सी फक्त सामन्याला घालत नाहीत. शिकवणीला, किराणा आणायला, मामाच्या गावाला, सगळीकडे तीच अंगावर असते. आणि घराचं रंगकाम काढायची वेळ आली की रंग कुठून आणायचा, हे ठरवणारे या मुलांचेच आईवडील असतात.

दुकानाचं नाव जर्सीवर, ही कल्पना मोठ्या कंपन्यांची आहे असं वाटतं. ब्रिटनमध्ये जर्सीवर जाहिरात घालून सामना खेळणारा पहिला क्लब म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, तो केटरिंग टाऊन नावाचा, वरच्या लीगमध्येही नसलेला लहानसा क्लब होता आणि प्रायोजक होता गावातलाच टायरवाला. १९७६ च्या जानेवारीत त्यांनी छातीवर ‘केटरिंग टायर्स’ लिहिलं. फुटबॉल असोसिएशनने ते काढायला लावलं. तर या पठ्ठ्यांनी नुसतं ‘केटरिंग टी’ ठेवलं आणि ‘टी’ म्हणजे टाऊन असं सांगितलं! हजार पौंडांच्या दंडाची धमकी आली तेव्हा कुठे अक्षरं उतरली. पुढच्याच वर्षी असोसिएशनला परवानगी द्यावी लागली. आपल्याला दंडाची भीती नाही. ज्या स्पर्धांत आम्ही उतरतो तिथे जाहिरातीची जर्सी चालते, हे आयोजकांना विचारून घेतलं आहे.

रोख रक्कम सोयीची नसेल तर दुसरा मार्गही आहे, आणि तो तुमच्या दुकानातूनच निघतो. आमचे लहान गटाचे गोलपोस्ट लोखंडी पाइपचे, उचलून ठेवायचे आहेत. ते गंजलेत आणि मागच्या पायांना वजन नाही. असा पोस्ट मुलांनी लोंबकळल्यावर पुढे कोसळू शकतो, म्हणून सर सध्या एका पालकाला पोस्टजवळ उभं करतात. त्यासाठी मागच्या पायात घालायला जीआय पाइप, जमिनीत ठोकायला लोखंडी खुंट्या, रेड ऑक्साइड, पांढरा ऑइल पेंट आणि जाळी बांधायला नायलॉनची दोरी एवढं लागेल. वेल्डिंग एका मुलीचे वडील फुकट करून देणार आहेत. हा माल तुम्ही दिलात तर तुमच्या खरेदीच्या भावाने त्याची किंमत १८,००० मधून वजा धरू आणि उरलेल्या रकमेपुरतं दुसऱ्या कुणाला विचारू. जर्सीवर नाव तरीही तुमचंच राहील.

पैशांचा हिशेब कसा राहील तेही लिहिते. क्लबची अजून नोंदणी झालेली नाही, त्यामुळे करसवलतीचं प्रमाणपत्र आम्ही देऊ शकत नाही. सही-शिक्क्याची पावती आणि प्रत्येक खरेदीच्या बिलाची प्रत देऊ. जाहिरात खर्च म्हणून दाखवता येईल का, हे तुमच्या सीएंना विचारून घ्या. पैसे माझ्या आणि सरांच्या जोडखात्यात जातील, काढायला दोघांच्याही सह्या लागतात. भाव कमी होऊन पैसे उरले तर ते तुम्हाला विचारल्याशिवाय दुसरीकडे वळवणार नाही. वर्ष संपल्यावर पुढच्या वर्षीसाठी पहिला हक्क तुमचा, बंधन मात्र काहीच नाही.

एक विनंती आणखी. प्रायोजक झालात म्हणून निकालावर रागावू नका. लहान गट सध्या जिंकण्यापेक्षा हरतोच जास्त. सर कच्च्या मुलांनाही सामन्यात उतरवतात आणि पालक म्हणून मला ते पटतं, पण गुणतक्ता बघायला फार छान दिसत नाही.

हंगामाचा पहिला सामना ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी आहे. छपाईवाल्याला ऑर्डर दिल्यापासून बारा दिवस लागतात, म्हणून २४ सप्टेंबरपर्यंत तुमचा होकार किंवा नकार कळला तर बरं होईल. येत्या शनिवारी दुपारी, तुमच्याकडे गर्दी नसते तेव्हा, मी आणि सर जर्सीच्या रंगाचा नमुना घेऊन दुकानात येतो. तोवर नावाची अक्षरं कशी हवीत ते वहिनींनाही विचारून ठेवा, पाटी त्यांनीच निवडली होती असं ऐकलंय. माझा मोबाइल नंबर तुमच्या उधारीच्या वहीत आहेच.

कळावे, लोभ असावा.

आपली,
नीलिमा
सचिव, गल्ली नंबर चार फुटबॉल क्लब

सोबत : १) जर्सीचं रेखाचित्र, २) तीन दुकानांची भावपत्रकं, ३) गेल्या वर्षाचा जमाखर्च