केसांना रंग लावण्याची परवानगी मिळणेबाबत

भांडुप (पूर्व),
८ जून

प्रिय आई आणि बाबा,

बाबांना ऑफिसात दिवसभर असलेच अर्ज वाचावे लागतात, म्हणून विषय त्यांच्या सोयीने लिहिलाय. पुढचं मात्र घरच्या भाषेत. तोंडी विचारलं की आई म्हणते, "आधी बाबांना विचार," बाबा म्हणतात, "आईला विचारलंस का?" आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी होऊन विषय संपतो. कागद निदान दोघांच्या हातात एकदम पडेल.

मागणी नेमकी सांगते, कारण आईच्या डोळ्यांसमोर आत्ता निळे-हिरवे केस आले असणार. मला डोकंभर रंग नकोय, त्याला पार्लरमध्ये ग्लोबल म्हणतात. मला मानेवरच्या, म्हणजे आतल्या थरातल्या केसांना बर्गंडी रंगाच्या चार-पाच बटा हव्या आहेत. वरचे काळे केस त्यांच्यावर पडतात. केस मोकळे सोडले आणि ऊन पडलं तरच लाल झाक दिसेल. वेणी घातली की पीळ पडताना एखादी रेघ दिसेल, अंबाडा घातला तर तेवढीही नाही.

बर्गंडीच का, तर आपल्यासारख्या काळ्याभोर केसांवर निळा किंवा गुलाबी उठून दिसायला आधी ब्लीच करावं लागतं. ब्लीच केसातलं मूळ रंगद्रव्यच काढून टाकतं, केस कोरडे होऊन तुटायला लागतात. ते मला नकोच आहे. आजीने इतकी वर्षं तेल चोळून वाढवलेले केस आहेत हे. गडद लाल ब्लीचशिवाय लागतो, फक्त हलका दिसतो. मला हलकाच हवाय. अमोनिया नसलेला प्रकार घेणार आहे. तो पंचवीसेक वेळा केस धुतले की फिका पडत जातो. अगदी शंभर टक्के जात नाही, थोडी तांबूस झाक राहते, हेही आत्ताच सांगून टाकते, नंतर "आम्हाला सांगितलं नव्हतंस" नको.

आता ॲलर्जी, कारण आई पहिला प्रश्न तोच विचारणार. बऱ्याच हेअर डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं, काहींना त्याने खाज येते, सूज येते. ताईच्या लग्नात आत्याच्या हाताला काळ्या मेंदीच्या कोनने फोड आले होते, आठवतंय? तशा कोनमध्येही बहुतेक वेळा हेच असतं. साध्या मेंदीचा रंग काळा येतच नाही, केशरी-तपकिरी येतो. तो कोन त्या दिवशी मीही लावला होता. मला काही झालं नाही, पण तेवढ्यावर मी विसंबणार नाही. एकदा काही झालं नाही म्हणून पुढच्या वेळी होणारच नाही असं नसतं. त्यामुळे कानामागे थोडासा रंग लावून ४८ तास वाट बघायची, जराही लाल झालं तर बेत रद्द, मी हूं की चूं करणार नाही. शिवाय डायच्या खोक्यावर १६ वर्षांखालच्यांनी वापरू नये असं लिहिलेलं असतं. मला एप्रिलमध्ये १६ पूर्ण झाली. गेल्या वर्षी मी हा विषय का काढला नाही, त्याचं एक कारण हेही होतं. (दुसरं कारण दहावी. तेव्हा काढला असता तर बाबांनी टीव्हीबरोबर मलाही कपाटात ठेवलं असतं.)

खर्च २,२०० रुपये. स्टेशनजवळच्या ज्या पार्लरमध्ये आई रूट टच-अपला जाते तिथेच विचारून आले, त्या ताई आपल्या सगळ्यांना ओळखतात आणि पॅच टेस्ट केल्याशिवाय रंग लावत नाहीत. पैसे माझेच. मे महिन्यात खालच्या मजल्यावरच्या दोन मुलांना गणित शिकवलं त्याचे, आणि निकालाला मामाने दिलेल्या पाकिटातले. पाकिटातले उरलेले आईकडेच राहू देत, त्यावर माझा दावा नाही.

कॉलेजचं म्हणाल तर अकरावीची पहिली यादी अजून लागायची आहे, पण पसंतीक्रमात वर टाकलेल्या तिन्ही कॉलेजांचे नियम मी वाचले. आयकार्ड, ७५ टक्के हजेरी, मोबाइल यावर पानंच्या पानं आहेत, केसांवर अक्षर नाही. तरी कुणा मॅडमनी हटकलंच तर अंबाडा.

आणि लोक. बाबा, मला माहीत आहे की तुम्हाला स्वतःला फारसं काही वाटणार नाही, पण गणपतीत कुडाळला काका काय म्हणतील ते वाटेल. गणपतीत मी दरवर्षी वेणी घालून त्यावर गजरा माळते, यंदाही तेच. शिवाय गणपती येईपर्यंत रंग बराच उतरलेला असेल. तरीही काका काही म्हणाले, तर त्यांना तुमच्या साखरपुड्याचा फोटो दाखवता येईल. कान झाकणारे ते केस बघून तेव्हा आजोबा काय म्हणाले होते हे आजीनेच मला सांगितलंय. लग्न तरी झालंच की तुमचं.

आई, तू म्हणशील, हे वय आहे का? तू दर महिन्याला रंग लावतेस तो पांढरे केस झाकायला. माझे झाकायचे काहीच नाहीत, म्हणून तुला हे उगाचचं वाटत असेल. पण बघ ना, शाळेत इतकी वर्षं दोन वेण्या, काळ्या रिबिनी, रिबीन विसरली तर ग्राउंडला एक चक्कर. मी एकदाही कटकट केली नाही, कारण सगळ्याच मुलींना तो नियम होता. आता पहिल्यांदाच अशा वर्गात जाणार आहे जिथे मला कुणी ओळखत नाही. दिसण्यातली एखादी गोष्ट, कुणालाही न दिसली तरी चालेल एवढी छोटी, मी ठरवलेली असावी असं वाटतं. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही आणि उगाच मोठं करून सांगतही नाही.

बदल्यात अकरावीला अमुक टक्के आणीन असं वचन देत नाही. केस आणि टक्के यांचा संबंध लावला की कमी मार्क पडल्यावर दोष बटांवर जाईल. देऊ शकते ती वचनं अशी, की तुम्हाला न विचारता रंग बदलणार नाही, घरी खोकं आणून स्वतः प्रयोग करणार नाही, आणि पुढच्या वेळी परत करायचा असेल तर पैसे तेव्हाही माझेच. नाही आवडलं तर बटा खालून कापता येतील. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, तेवढा धीर मला आहे.

मैत्रिणीसारखं शाळेच्या निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी गुपचूप रंगवून घरी येणं मलाही जमलं असतं. मग आठवडाभर घरात कुणी कुणाशी बोललं नसतं, ते मला नको होतं.

पार्लरच्या ताईंनी पुढच्या शनिवारी दुपारी तीनची वेळ राखून ठेवली आहे, पॅच टेस्टसाठी गुरुवारी सकाळी जावं लागेल. म्हणून उत्तर बुधवारपर्यंत हवं. "हो" असेल तर आई, शनिवारी तू माझ्याबरोबर चल, शेड तूच बघून ठरव. "नाही" असेल तर कारण याच कागदाच्या मागे लिहा. "बघू" हे उत्तर धरलं जाणार नाही.

तुमची,
सई

ता. क. आजीने पत्र वाचलं आहे. तिचं म्हणणं, बटा चारच, पाच नकोत. मला मान्य आहे.