विषय: जुगाराचं कर्ज आणि माझं काम, मलाच सांगायचंय (प्लीज कुणाला फॉरवर्ड करू नका)

मॅडम नमस्कार,

हा मेल फक्त एचआरच्या आयडीवर पाठवतोय, सरांना सीसीमध्ये घेतलेलं नाही. त्यांना सांगायचंच आहे, पण आधी तुमच्याशी बोलून, कारण विषय पैशाचा आहे आणि मी बसतो पेमेंट्समध्ये. म्हणून जे सगळ्यात महत्त्वाचं आहे ते आधीच लिहितो. उद्यापासून माझा बँक पोर्टलचा अ‍ॅक्सेस काढून घ्या. कंपनीच्या एका पैशालाही मी हात लावलेला नाही, तरीही काढा.

मला ऑनलाइन बेटिंगचा नाद लागलाय, अडीच वर्षं होत आली. सुरुवात मॅचवर छोटे पैसे लावण्यापासून झाली, मग मॅच नसेल तेव्हा कॅसिनोवाले गेम, आणि मागच्या वर्षभरात तर काय खेळतोय याचंही काही राहिलं नव्हतं, फक्त गेलेले पैसे सोडवायचे एवढंच डोक्यात असायचं. आज अंगावर माझ्या ११ पगारांइतकं कर्ज आहे. एक पर्सनल लोन, दोन क्रेडिट कार्डं, चार लोन अ‍ॅप, शिवाय ओळखीच्यांकडून घेतलेले हातउसने. एका अ‍ॅपचे फेडायला दुसऱ्यातून घ्यायचे असं करत करत चार झाली. हप्ते कापून हातात पगाराचा चौथा हिस्साही उरत नाही आणि तो उरलेला पण मी लावायचो.

आता कामाचं, कारण तुम्हाला लिहायचं खरं कारण तेच आहे.

मागच्या महिन्यात एका व्हेंडरला एकच बिल दोनदा गेलं. तेव्हा सगळ्यांनी सिस्टीमची चूक धरली, मीही गप्प बसलो. ती चूक माझी होती. इन्व्हॉइस नंबर पहिल्यांदा डॅश घालून टाकला होता, दुसऱ्यांदा डॅश न घालता, म्हणून सिस्टीमला तो वेगळा नंबर वाटला आणि डुप्लिकेटचा मेसेज आलाच नाही. एरवी असं बिल मी नुसत्या रकमेवरून ओळखतो, आठ वर्षं हेच करतोय. पण आदल्या रात्री पहाटे चारपर्यंत जागा होतो, त्या दिवशी स्क्रीनवरचे आकडे दिसत होते पण डोक्यात शिरत नव्हते. व्हेंडरने स्वतःहून फोन करून पैसे परत केले म्हणून निभावलं. माझ्या एंट्री चेक करते त्या कलीगला त्यावरून बोलणी बसली, आणि त्यांची चूक एवढीच की त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. हे मला फार लागलंय. त्यांच्या रेकॉर्डवर काही गेलं असेल तर ते माझ्या नावावर घ्या, ही विनंती.

याशिवाय दोन महिने रिकन्सिलिएशन उशिरा दिलं, एकदा तर अर्धवट दिलं आणि पूर्ण आहे असं सांगितलं. सिक लीव्ह पाच घेतल्या, त्यातल्या चार वेळा ताप वगैरे काही नव्हता, रात्रभर जागून सकाळी उठवत नव्हतं. आणि पगाराच्या आगाऊ रकमेसाठी जो अर्ज दिला होता, वडिलांच्या ऑपरेशनचं कारण लिहून, ते ऑपरेशन झालंच नाही. वडील ठणठणीत आहेत. तुम्ही त्या दिवशी मला बसवून घेऊन वडिलांची चौकशी केली होती, काही लागलं तर सांगा म्हणालात, आणि मी मान डोलावत राहिलो. ते आठवलं की अजून झोप लागत नाही. त्या रकमेच्या कपातीचे तीन हप्ते बाकी आहेत ते तसेच कापा, सवलत नको. खोट्या कारणाबद्दल नियमाप्रमाणे जी कारवाई असेल ती मला मान्य आहे.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे कुठवर गेलं होतं ते कळेल. दोन महिन्यांपूर्वी पगार जमा झाल्याचा मेसेज सकाळी ११ च्या सुमारास आला. मी जागेवरून उठलो, वॉशरूममधे गेलो, कडी लावली, फोनचा आवाज बंद केला, ब्राइटनेस कमी केला. दहा मिनिटांत परत येऊ असं ठरवून गेलो होतो. बाहेर कुणीतरी हात धुतंय, ड्रायर चालू होतोय बंद होतोय, सगळं ऐकू येत होतं. मी खेळत होतो त्या गेममधे चाकात तीन चित्रं सारखी यायची असतात, दोन यायची आणि तिसरं एक घर पुढे जाऊन थांबायचं, आणि दर वेळी वाटायचं की जमतंय, जवळ आलोय. ४० मिनिटांनी बाहेर आलो तेव्हा घरभाड्याचे पैसेसुद्धा गेले होते. तोंडावर पाणी मारलं आणि जागेवर येऊन त्या दिवशीची पेमेंट बॅच तयार केली. माझ्या महिन्याच्या पगाराच्या कितीतरी पट रकमेची बॅच, आणि एका क्षणी मी त्यातल्या एका ओळीकडे जरा जास्त वेळ बघत राहिलो. काही केलं नाही. पण बघत राहिलो हे खरं आहे, आणि अ‍ॅक्सेस काढा म्हणतोय तो यासाठी.

त्यानंतर दोन आठवड्यांनी बायकोला सगळं सांगितलं. खरं तर सांगावं लागलं, रिकव्हरीवाल्यांनी तिला फोन केला होता. मधे एक रात्र अशीही आली होती की आपणच नसलो तर सगळं सुटेल असं वाटलं. हे तुमच्यापासून लपवत नाही कारण तुम्हाला काळजी वाटणार हे माहितीये, पण तो विचार मी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलाय, आज तो नाहीये, आणि परत आला तर त्याच क्षणी बायकोला आणि डॉक्टरांना फोन करायचा हे ठरलेलं आहे.

डॉक्टर मानसोपचारतज्ज्ञ आहेत. त्यांनी सांगितलं की ही नुसती वाईट सवय किंवा मनाचा कमकुवतपणा नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मधे, याला आजार म्हणून स्वतंत्र नाव आहे, आणि २०१३ मधे आलेल्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकन पुस्तकात हा दारू, ड्रग्जच्या व्यसनांच्याच प्रकरणात टाकलाय. हे मी पळवाट म्हणून लिहीत नाही. चुका माझ्याच आहेत. लिहितोय ते एवढ्यासाठी की मेडिकल सर्टिफिकेट जोडलंय ते तुम्ही बाकीच्या आजारपणाच्या सर्टिफिकेटसारखंच धरावं. ते ‘थोडक्यात हुकलं’ वालं जे वर लिहिलं, त्याबद्दलही त्यांनी समजावलं. हुकलेला डाव हा हरलेलाच डाव असतो, पण डोकं त्याला जवळजवळ जिंकलो असं धरतं आणि माणूस उठत नाही. मला वाटायचं असं फक्त माझंच होतं.

शेवटचा पैसा लावून आज २३ दिवस झाले. सगळ्या साइट्सवर स्वतःला बंद करून घेतलंय, म्हणजे खातं नुसतं डिलीट नाही, मी परत मागितलं तरी ठरलेल्या मुदतीत देत नाहीत तसं. फोनवर ब्लॉक करणारं अ‍ॅप आहे, त्याचा पासवर्ड बायकोकडे. कार्डंही तिच्याकडे. दर रविवारी एका ग्रुपच्या मीटिंगला जातो, तिथे सगळे याच त्रासातले असतात. कर्जाचं म्हणाल तर सगळ्या देण्यांची एक यादी केलीये, आणि बँकेशी हप्ता कमी करून मुदत वाढवायचं बोलणं चालू आहे.

तुमच्याकडून काय हवंय ते लिहितो. पैसे नकोत. आगाऊ रक्कम, कंपनीचं लोन, काहीच नको, आणि मी पुढे कधी मागायला आलो तर देऊ नका, हा मेल दाखवा.

अ‍ॅक्सेसचं वर लिहिलंच आहे. जोडीला गेल्या सहा महिन्यांतल्या माझ्या सगळ्या एंट्री कुणाकडून तरी तपासून घ्या. मला खात्री आहे की काही निघणार नाही, पण माझ्या खात्रीवर थांबू नका. मला पेमेंटऐवजी बिलांची छाननी, व्हेंडरची स्टेटमेंट जुळवणं, असं काहीही द्या जिथे पैसे हलत नाहीत. काम कमी द्या असं म्हणत नाहीये, उलट हातात काम असलं की दिवस बरा जातो.

दर गुरुवारी साडेचारला काउन्सेलिंग आहे, सध्या आठ आठवडे. त्या दिवशी चारला निघावं लागेल, सकाळी लवकर येऊन तास भरून काढेन. आपल्याकडे कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची जी फोन लाइन आहे, ती वापरली तर मॅनेजरला कळतं का, तेवढं सांगा. पगाराचं खातं बदलायचंय, बायकोबरोबरच्या जॉइंट खात्यात जमा व्हायला हवा, फॉर्म भरून जोडलाय, या महिन्याच्या पगाराआधी झालं तर खूप मोठी गोष्ट होईल. पगाराचा दिवस माझ्यासाठी सगळ्यात अवघड असतो.

रिसेप्शनला माझ्या नावाने रिकव्हरीचे फोन आलेत हे मला माहितीये, तीन वेळा तरी. तिथल्या ताईंना उगाच ऐकून घ्यावं लागलं. त्यांना एवढंच सांगा की मी इथे आहे की नाही, कधी येतो जातो, काहीही सांगायचं नाही, माझा नंबर त्या लोकांकडे आहे. मी पण त्या कंपन्यांना लेखी कळवलंय की ऑफिसला फोन करू नका.

अजून एक. आपल्या फ्लोअरच्या ग्रुपवर मॅचच्या दिवशी पैसे काढून अंदाज लावायचा खेळ चालतो. बाकीच्यांसाठी ती गंमत आहे, मी कुणाला दोष देत नाही. पण माझं नाव न घेता तो ऑफिसच्या ग्रुपवरून बंद करता आला तर बघा. मी ग्रुप सोडला तर लगेच का का सुरू होईल.

ऑफिसातल्या तिघांकडून मी पैसे घेतलेत. नावं लिहीत नाही, त्यांना माझ्यामुळे अवघडायला नको. मी त्यांच्याशी स्वतः बोलणार आहे, दोघांशी या आठवड्यात, तिसऱ्याशी बोलायला अजून धीर होत नाहीये, पण बोलेन. तोवर तुम्ही त्यांना काही विचारू नका, प्लीज.

कुणाला काय कळावं याबद्दल माझं म्हणणं असं की सरांना कारणासकट कळू दे, चेक करणाऱ्या कलीगला एवढं कळू दे की चूक माझी होती, आणि टीमला फक्त कामाची वाटणी बदलली एवढंच. नोकरीचं काय होईल ही भीती आहे, खोटं कशाला बोलू, हा मेल चार वेळा लिहून पुसलाय त्याच भीतीने. पण हे बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

उद्या ११ वाजता तुम्ही मोकळ्या असाल तर मी वर येतो, नसाल तर वेळ सांगा. पोर्टलचं ओटीपी टोकन आत्ता निघताना पाकिटात घालून, वर माझं नाव टाकून, तुमच्या नावाने रिसेप्शनला देऊन जातोय. सकाळी पहिल्यांदा ते ताब्यात घ्या. उद्याच्या बॅचसाठी ते दुसऱ्या कुणाला तरी लागेल.

महेश
व्हेंडर पेमेंट्स