पाच बुधवार, पाच शिक्के: बडोद्याच्या ग्रंथालयांवरच्या मालिकेचा आराखडा

ताई,

परवा दांडिया बाजारात आपलं बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून इन्स्टाग्रामवरच्या आपल्या पाच भागांच्या मालिकेबद्दल सगळं लिहूनच पाठवते. चित्रांना हात घालण्याआधी एकदा शांतपणे वाच.

११ मार्चला सयाजीरावांची जयंती, आणि २०२६ मध्ये ती बुधवारी येते आहे. तिथून मागे मोजत आलो की पाच बुधवार मिळतात: ११, १८ आणि २५ फेब्रुवारी, मग ४ आणि ११ मार्च. चौथा भाग होळीच्या आठवड्यात येतो. त्या दिवसांत कोणी निवांत वाचत बसत नाही, म्हणून तो गुरुवारी, ५ तारखेला रात्री नऊला टाकू. बाकीचे बुधवारी रात्री नऊलाच.

गेल्या पावसाळ्यातल्या सयाजीबागेच्या मालिकेत प्रत्येक भागाच्या शेवटी मी ‘क्रमशः’ लिहिलं होतं. माझ्या मावसबहिणीने तिसरा भाग पाहिला आणि विचारलं, “हे कशाबद्दल आहे गं?” तिचं बरोबर होतं. पहिले दोन भाग न पाहता आलेल्या माणसाला आपण उंबरठाच दिला नव्हता. या वेळी माझा आग्रह एकच आहे. कुठल्याही भागावर पहिल्यांदा येणारा माणूस दुसऱ्या स्लाइडपर्यंत घरात आलेला असला पाहिजे, आणि शेवटच्या स्लाइडवर त्याच्या मनात असा प्रश्न राहिला पाहिजे ज्याचं उत्तर फक्त पुढच्या भागात आहे.

आता उजळणीची स्लाइड. ग्रंथालयाच्या पुस्तकात मागे चिकटवलेली तारखेची चिठ्ठी आठवते ना, जांभळ्या शाईचे तिरके शिक्के मारलेली? तीच आपली उजळणी. प्रत्येक भागात दुसरी स्लाइड म्हणजे ती चिठ्ठी, आणि दर वेळी तिच्यावर एक शिक्का वाढतो. पाचव्या भागापर्यंत ती अशी भरेल:

१८९३ – अमरेली तालुक्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत
१९०६ – तीच सक्ती सगळ्या राज्यात
१९१० – विल्यम बोर्डन अमेरिकेहून बडोद्यात
१९१२ – इंग्रजी, गुजराती आणि मराठीत ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक
आज – मांडवी

शिक्क्यापुढे एकच ओळ, दुसरी नाही. उजळणीत गोष्ट पुन्हा सांगायला लागलो की जुना वाचक कंटाळतो आणि नव्याला वाटतं आपण उशिरा आलो. नवा शिक्का गडद ठेव, जुने फिकट. ही स्लाइड दुसरीच का, तर पहिलीवर न थांबता पुढे गेलेल्या माणसाला इन्स्टाग्राम पुष्कळदा तीच पोस्ट दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं. तेव्हा चिठ्ठीवर मालिकेचं नाव आणि भागाचा आकडा हवाच. पहिल्या भागात चिठ्ठी कोरी असेल, वर फक्त ‘वाचायला शिकलेलं राज्य, भाग १’. मला ती कोरी चिठ्ठी फार आवडते.

एका भागाचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात, हे सांधे मी पूर्ण लिहून देते, कारण सगळं वजन तिथे आहे.

पहिल्या भागाची शेवटची स्लाइड:
“मुलगी वाचायला शिकली. शाळा संपली. घरात पुस्तक एकही नाही. आता?”

दुसऱ्याची पहिली:
“शिकलेलं अक्षर वाचायला मिळालं नाही तर पुसलं जातं.”

दुसऱ्या भागात १९०६ आणि शिक्षक मोतीभाई अमीन. त्यांनी गावोगाव मित्रमंडळांची वाचनालयं उभी केली. हा भाग राजाचा नाही, मास्तरांचा आणि गावकऱ्यांचा आहे. राजवाड्याचं एकही चित्र इथे घालू नकोस.

दुसऱ्याची शेवटची:
“वाचनालयं निघाली. पुस्तकं लावायची कशी, नोंदवायची कशी, माणसं शिकवायची कुठे? सयाजीरावांनी यासाठी एका ग्रंथपालाला बोलावलं. समुद्रापलीकडून.”

तिसऱ्याची पहिली:
“न्यू हेवन ते बडोदा.”

बोर्डन न्यू हेवनच्या यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल होते. १९१० ते १९१३ अशी तीनच वर्षं ते इथे राहिले. तेवढ्यात मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसली आणि ग्रंथपाल तयार करणारा वर्ग सुरू झाला. हा भाग आठ स्लाइडचा होईल, होऊ दे. बाकीचे सहा-सातच्या पुढे नकोत. वीस टाकता येतात म्हणून वीस टाकायच्या नाहीत.

तिसऱ्याची शेवटची स्लाइड तुझ्या हाताची: लाकडी पेटी, बंद, उजव्या कडेला अर्धी कापलेली. खाली:
“ही पेटी गावाकडे निघाली आहे. आत काय आहे?”

चौथ्याची पहिली स्लाइड तीच पेटी, डाव्या कडेपासून उरलेली अर्धी, आता उघडी. दोन्ही पोस्ट १०८० बाय १३५० मध्येच कर आणि पेटीची वरची कड एकाच उंचीवर ठेव. दोन्ही स्लाइड शेजारी ठेवल्या की पेटी पूर्ण झाली पाहिजे. फिरत्या ग्रंथालयाच्या त्या पेट्यांतून पुस्तकं खेड्यात जायची, हे आजही कितीतरी बडोदेकरांना ठाऊक नाही. मला स्वतःला कळलं तेव्हा मी दिवसभर त्याच विचारात होते. म्हणून इथे घाई नको, एका स्लाइडवर एकच वाक्य.

चौथ्याची शेवटची:
“हे सगळं जिथून चालायचं, ती इमारत मांडवीजवळ उभी आहे. तिच्या आतली जमीन काचेची आहे. का?”

पाचव्याची पहिली:
“खालच्या मजल्यावरच्या पुस्तकालाही उजेड मिळावा म्हणून.”

बाबासाहेबांची १९१३ ची कोलंबियाची शिष्यवृत्ती याच राज्याने दिली, आणि ती इथे आणण्याचा मोह तुलाही होईल. नको. शिकून १९१७ मध्ये ते बडोद्यात नोकरीला आले तेव्हा याच शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. शिष्यवृत्ती सांगून ते गाळणं मला जमणार नाही, आणि एका स्लाइडमध्ये ते मावणार नाही. त्याची स्वतंत्र मालिका करू.

पोस्टखालच्या मजकुराची पहिली ओळ मी प्रत्येक भागाला वेगळी लिहीन, कारण ‘आणखी’च्या आधी तेवढीच दिसते. मजकुरात दुवा दाबता येत नाही, म्हणून मागचे भाग हायलाइटमध्ये ‘ग्रंथालय’ नावाने लावू आणि नवीनतम भाग वर पिन करू. भाग पडला की आधीच्या भागाखाली पहिली कमेंट माझी: “पेटी उघडली आहे, भाग ४ पाहा”, असं त्या-त्या सांध्यातलंच वाक्य. एकदा पोस्ट गेली की स्लाइडवरचा मजकूर दुरुस्त होत नाही. म्हणून पाचही भाग ८ फेब्रुवारीपर्यंत तयार हवेत आणि माझ्या बाबांनी ते छापील काढून वाचलेले हवेत. ऱ्हस्वदीर्घ त्यांच्या नजरेतून सुटत नाहीत.

पाचव्याची शेवटची स्लाइड म्हणजे पुन्हा चिठ्ठी, पाच शिक्के भरलेले, खाली एक ओळ रिकामी, आणि:
“तुमच्या घरातल्या कुठल्या पुस्तकावर असा शिक्का आहे? फोटो पाठवा.”

आलेले फोटो तू जपून ठेव. सहावा बुधवार त्यांचाच.