पुनर्विकास प्रस्तावातील कार्पेट आणि बिल्ट-अप क्षेत्रफळाबाबत

पुणे
दि. 9 डिसेंबर 2024

सौ. वैजयंती पाटणकर यांस,
अध्यक्ष, सहकारी गृहरचना संस्था, कोथरूड

आदरणीय वैजयंतीताई,
स. न. वि. वि.

सध्याच्या घरावर 30 टक्के वाढ देऊ करणारे बिल्डरचे ऑफर लेटर, तुमचा 1987 चा करार आणि कमिटीने टेपने घेतलेली मापे, तिन्ही पाहिली. तुमच्या सदनिकेचे क्षेत्रफळ करारात 630 चौरस फूट, कमिटीच्या वहीत 533 आणि ऑफरमध्ये 534 आहे. शेवटचे दोन आकडे जुळतात म्हणून सभासद निर्धास्त आहेत, असे तुम्ही लिहिलेत. ते निर्धास्त राहू नयेत म्हणूनच हे पत्र जरा लांब होणार आहे. 533 आणि 534 हे वेगवेगळ्या गोष्टींचे माप आहे आणि जवळजवळ सारखे आले तो निव्वळ योगायोग.

आधी कार्पेट. रेरा कायद्याच्या कलम 2(के) मध्ये त्याची व्याख्या आहे. सदनिकेतली निव्वळ वापरण्याजोगी जागा धरायची. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस डक्ट, स्वतंत्र वापराची बाल्कनी किंवा व्हरांडा आणि उघडी गच्ची वगळायची. आतल्या पार्टिशन भिंतींखालची जागा मात्र मोजायची. या शेवटच्या मुद्द्यावरच बहुतेक सगळे अडखळतात. आपण घरी टेप लावतो तेव्हा खोलीच्या भिंतीपासून भिंतीपर्यंत लावतो, आणि दोन खोल्यांमधली भिंत आपोआप सुटते. रेरामध्ये ती सुटत नाही.

तुमची सदनिका मी मीटरमध्ये मोजली. बाहेरच्या भिंतींच्या आतल्या बाजूपासून आतल्या बाजूपर्यंत 8.00 गुणिले 6.20, म्हणजे 49.60 चौरस मीटर. आत डक्ट नाही, त्यामुळे वजा काही करायचे नाही. एक चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट, त्या हिशेबाने हे 534 चौरस फूट झाले. बिल्डरचा आकडा हाच आहे आणि रेराच्या व्याख्येप्रमाणे तो बरोबर आहे.

आता कमिटीचे माप. आतल्या भिंती, दारांच्या जागेसह, साधारण 20 मीटर लांब आणि प्लास्टर धरून 15 सेंटीमीटर जाड आहेत. त्यांनी 3.00 चौरस मीटर जागा खाल्ली आहे. ती वजा केली की खोल्यांची बेरीज 46.60 चौरस मीटर, म्हणजे 502 चौरस फूट येते. मग वहीत 533 कुठून आले? हॉलची बाल्कनी तुम्ही काच लावून आत घेतली आहे, 2.40 गुणिले 1.20 ची. कमिटीने हॉल मोजताना तीही मोजली. तिचे 2.88 चौरस मीटर, म्हणजे 31 चौरस फूट, मिळवा, 533 तयार. एकीकडे भिंती सुटल्या, दुसरीकडे बाल्कनी आत आली आणि दोन्ही चुका एकमेकींना झाकून गेल्या. ज्यांनी बाल्कनी बंद केलेली नाही त्यांच्या घरी हे आकडे असे जुळणार नाहीत, आणि मग कमिटीत भांडण होईल. ते आत्ताच टाळलेले बरे.

बिल्ट-अप म्हणजे कार्पेट अधिक बाहेरच्या भिंती अधिक बाल्कनी. ‘कार्पेटवर वीस टक्के चढवा’ ही पद्धत अंदाजापुरती ठीक आहे, कागदावर सही करताना नाही. तुमच्या बाहेरच्या भिंती नऊ इंची आहेत, म्हणजे 23 सेंटीमीटर. शेजारच्या सदनिकेशी सामाईक असलेल्या भिंतीची अर्धी जाडी आणि बाकी तीन बाजूंची पूर्ण जाडी धरली, तर 8.345 गुणिले 6.66, म्हणजे 55.58 चौरस मीटर होतात. त्यात बाल्कनी मिळवून 58.46, म्हणजे 629 चौरस फूट. जुन्या करारातले 630 हेच आहे. म्हणजे करारही खोटा नाही.

नव्या इमारतीत मात्र हा शब्द जपून वापरा. डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या एकत्रिकृत नियमावलीत महापालिका बांधकामाच्या बाह्यरेषेपर्यंत, ज्याला पी-लाइन म्हणतात तिथपर्यंत, क्षेत्र मोजते आणि बाल्कनी एफएसआयमध्ये धरते. ते गणित बिल्डर आणि महापालिका यांच्यातले आहे. तुमच्या वाट्याला काय येते, ते त्यातून कळत नाही. आणि सेलेबल किंवा सुपर बिल्ट-अप, ज्यात जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा चढवतात, त्याला रेरात व्याख्याच नाही. ऑफरमध्ये तो शब्द दिसला तर त्यावर चर्चासुद्धा करू नका.

आता मूळ मुद्दा, म्हणजे 30 टक्के वाढ. कशावर 30 टक्के? खोल्यांच्या बेरजेवर धरले तर 652 होतात. रेरा कार्पेटवर 694. जुनी बाल्कनी मिळवून धरले तर 734. एकाच वाक्याचे हे तीन अर्थ आहेत आणि टोकांच्या दोहोंत 82 चौरस फुटांचे, म्हणजे एका लहान बेडरूमचे अंतर आहे.

बिल्डरने 694 लिहिले आहे, म्हणजे सुरुवात त्याने योग्य आकड्यापासून केली. पण ऑफरच्या तिसऱ्या पानावर खाली ‘एकूण युजेबल कार्पेट, बाल्कनी व ड्राय बाल्कनीसह’ असे आहे. नकाशात बाल्कनी 58 आणि ड्राय बाल्कनी 12 चौरस फूट आहे. त्या वजा केल्या की नव्या घराचे रेरा कार्पेट 624 उरते. जुने 534, नवे 624: वाढ 17 टक्के. दोन्हीकडे बाल्कनी धरून बघितले, तरी 565 वर 694, म्हणजे 23 टक्के. जुन्या घरात बाल्कनी वगळायची आणि नव्यात धरायची, एवढे केले की 30 टक्के दिसतात. यात लबाडीच आहे असे मी म्हणणार नाही, बाजारात सर्रास असेच लिहितात. पण सहीनंतर हा मुद्दा काढून काही उपयोग होणार नाही.

एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे, तीही सांगतो. नवी इमारत मायवन शटरिंगमध्ये होणार आहे, म्हणजे आतल्या भिंती काँक्रीटच्या आणि साधारण 10 सेंटीमीटर जाडीच्या. त्यामुळे तेवढ्याच रेरा कार्पेटमध्ये प्रत्यक्ष फरशी थोडी जास्त मिळेल.

बिल्डरकडून लेखी घ्यायचे ते असे: प्रत्येक सदनिकेचे जुने आणि नवे रेरा कार्पेट चौरस मीटरमध्ये, बाल्कनी वेगळ्या रकान्यात, आणि मापे प्लास्टर झाल्यावरची की आधीची याचा उल्लेख. नव्या ग्राहकांसाठीच्या विक्रीकराराच्या नमुन्यात कार्पेटमध्ये 3 टक्क्यांपर्यंत फरक चालतो आणि त्याहून कमी भरले तर जास्तीचे पैसे व्याजासह परत करावे लागतात. आपल्या विकसन करारात असे कलम आपोआप येईल असे धरून चालू नका, वकिलांना ते स्पष्ट घालायला सांगा. 624 वर 3 टक्के म्हणजे जवळपास 19 चौरस फूट होतात, तेव्हा मी तर मर्यादा 1 टक्काच मागेन.

बाकीच्या सदनिकांची मापे घ्यायला माझा सहकारी शनिवारी सकाळी येईल. ज्यांनी बाल्कनी आत घेतली आहे किंवा मधली भिंत पाडली आहे, त्यांची यादी तेवढी तयार ठेवा, आणि महापालिकेचा मूळ मंजूर नकाशा कपाटात सापडला तर त्याची झेरॉक्स द्या. मोजणी मूळ नकाशाप्रमाणे करायची की आजच्या स्थितीप्रमाणे, हे सर्वसाधारण सभेत ठरवून इतिवृत्तात लिहून घ्यावे लागेल.

कळावे,
आपला,
मिलिंद राजवाडे
आर्किटेक्ट