टीएमटी पॉझिटिव्ह आलेल्या ४४ वर्षांच्या विडी कामगार महिलेचे निदान: चाचणीपूर्व शक्यता आणि लाइकलिहूड रेशो यांच्या आधारे चिकित्सक मूल्यमापन

रुग्ण ४४ वर्षांच्या. सोलापूरच्या पूर्व भागात, विडी घरकुलात राहतात. गेली अनेक वर्षे घरी विड्या वळतात. तीन महिन्यांपासून छातीत मधोमध दाटल्यासारखे होते. एका आरोग्य शिबिरात ट्रेडमिल टेस्ट (टीएमटी) झाली आणि अहवालावर मोठ्या अक्षरात ‘पॉझिटिव्ह’ असे लिहून आले. सोबत थेट अँजिओग्राफीचा सल्ला. मेडिसिन ओपीडीत त्या आल्या तेव्हा घरच्यांचा प्रश्न एकच होता: ब्लॉकेज आहे हे नक्की झाले ना?

हा निबंध त्याच प्रश्नाचे उत्तर शोधतो. अहवाल खरा मानला, तर या बाईंना लक्षणीय कोरोनरी आजार असण्याची शक्यता किती, आणि त्या शक्यतेवर कोणती कृती समर्थनीय ठरते?

सुरुवात चाचणीपासून न करता रुग्णापासून करायला हवी. वेदनेचा नमुना ठरवताना तीन गोष्टी पाहतात: छातीच्या मधोमध किंवा मान, जबडा, खांदा, हात येथे आवळल्यासारखी जाणीव, श्रमाने ती सुरू होणे, आणि विश्रांतीने किंवा नायट्रेटने पाचेक मिनिटांत जाणे. तिन्ही असतील तर टिपिकल, दोन असतील तर अटिपिकल, एक किंवा एकही नसेल तर नॉन-अँजायनल. बाईंना तयार विड्या कारखान्यात द्यायला जाताना जिना चढला की दाटते, म्हणजे पहिल्या दोन गोष्टी जुळल्या. तिसरीसाठी विचारले, “बसलं की लगेच थांबतं का, अक्का?” उत्तर आले, “लगेच कुठलं? घरी येऊन चहा ठेवते, पिऊन होतो, तरी असतंच.” कधी मांडीवर सूप घेऊन चार-पाच तास वाकून बसल्यावरही तसेच दुखते. म्हणजे अटिपिकल. हे एक वाक्य काढून घ्यायला दोन मिनिटे लागली, पण पुढच्या साऱ्या गणिताचा पाया त्यावर आहे. ‘चेस्ट पेन ऑन एक्झर्शन’ एवढेच केसपेपरवर लिहिले असते तर आकडा निराळाच निघाला असता.

आता आकडा कुठून घ्यायचा? डायमंड आणि फॉरेस्टर यांनी १९७९ साली वय, लिंग आणि वेदनेचा प्रकार यांवरून जी सारणी मांडली, तिच्यात ४० ते ४९ वयाच्या, अटिपिकल वेदना असलेल्या स्त्रीसाठी १३.३% दिले आहेत. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत याच गटाला ६% आहेत. चाळीस वर्षांत आकडा निम्म्याहून खाली आला. आजार कमी झाला हे एक कारण असेलही, पण जुनी सारणी अँजिओग्राफीपर्यंत पोहोचलेल्या रुग्णांवर आणि शवविच्छेदनांवर उभी होती, हे विसरून चालत नाही. अँजिओग्राफीला निवडून पाठवलेले लोक आणि आपल्या ओपीडीतली रांग या वेगळ्या गोष्टी आहेत.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत कच्चा दुवा हाच आहे. दोन्ही सारण्या सोलापूरच्या नाहीत. भारतीयांमध्ये कोरोनरी आजार पाश्चात्त्यांपेक्षा लवकर दिसतो, त्यामुळे ६% कमी वाटतात. शिवाय बाई वर्षानुवर्षे मिसरी लावतात. तंबाखूचा संबंध नुसत्या धुळीपुरता नाही. दुसऱ्या बाजूला मधुमेह नाही, रक्तदाब १३८/८६, पाळी चालू आहे, घरात कमी वयात हृदयविकार कुणाला नाही. सारणी यातले काहीच विचारात घेत नाही. मी १०% धरले आहेत. हा आकडा कोणत्याही तक्त्यातून आलेला नाही, अंदाजाने ठरवलेला आहे, आणि म्हणूनच खाली ६ व १३.३ धरूनही हिशोब करून पाहिला आहे.

चाचणीची ताकद लाइकलिहूड रेशोत (एलआर) मोजतात. आजार असलेल्यांत पॉझिटिव्ह येण्याचे प्रमाण भागिले आजार नसलेल्यांत पॉझिटिव्ह येण्याचे प्रमाण:

```
एलआर+ = सेन्सिटिव्हिटी ÷ (१ − स्पेसिफिसिटी)
एलआर− = (१ − सेन्सिटिव्हिटी) ÷ स्पेसिफिसिटी
नंतरचे ऑड्स = आधीचे ऑड्स × एलआर
```

टीएमटीवरचे सर्वाधिक उद्धृत होणारे संकलन १९८९ चे आहे: १४७ अभ्यास, सरासरी सेन्सिटिव्हिटी ६८%, स्पेसिफिसिटी ७७%. म्हणजे एलआर+ २.९६, एलआर− ०.४२. पण त्यात पुरुषांचा भरणा मोठा. केवळ स्त्रियांवरील अभ्यासांच्या १९९९ च्या संकलनात ६१% आणि ७०% निघाले, एलआर+ २.०३ वर येतो. आपल्या रुग्णाला हाच लागू. साधारणपणे एलआर+ १० च्या वर असेल तर निकाल चित्र पालटतो. २ च्या आसपासचा एलआर चित्र जरासे हलवतो, बस.

‘पॉझिटिव्ह’ या एका शब्दात माहिती वाया जाते, हेही नोंदवायला हवे. मूळ ग्राफ मागवून पाहिला. एसटी डिप्रेशन १.२ मिमी, आडवे, तेही शेवटच्या टप्प्यात. डायमंड-फॉरेस्टर यांच्याच मांडणीत डिप्रेशनच्या खोलीनुसार वेगवेगळे एलआर आहेत: १ ते १.५ मिमीला २.१, १.५ ते २ ला ४.२, २ ते २.५ ला ११, आणि अडीचच्या वर ३९. अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर ०.२३. शिबिराच्या अहवालात १.२ मिमी आणि २.८ मिमी या दोन्हींवर एकच शिक्का बसतो. आपला १.२ मिमीचा निकाल २.१ देतो, स्त्रियांच्या संकलनातल्या २.०३ च्या अगदी जवळ. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला, म्हणून पुढे २.१ वापरतो.

हिशोब असा. १०% म्हणजे ऑड्स ०.१११, गुणिले २.१ म्हणजे ०.२३३; पुन्हा शक्यतेत १९%. सुरुवात ६% धरली तर १२%. १३.३% धरली तर २४%.

नातेवाइकांना ऑड्स सांगून उपयोग नव्हता. त्यांना असे सांगितले: अशा शंभर बायकांपैकी दहा जणींना आजार असेल असे धरा, त्यातल्या सहा जणींची टेस्ट पॉझिटिव्ह येईल. उरलेल्या नव्वदांपैकी, आजार नसताना, सत्तावीस जणींचीही पॉझिटिव्ह येईल. पॉझिटिव्ह एकूण तेहतीस, त्यात खऱ्या सहा. मुलीने लगेच विचारले, “मग आमच्या आईची कुठल्यातली?” तेच अजून ठरायचे आहे, असे सांगितले.

स्पेसिफिसिटी ७७% आहे, म्हणून पॉझिटिव्ह आलेल्यात ७७% आजारी, असा अर्थ लावणारे डॉक्टरही भेटतात. ते प्रमाण आजार नसलेल्यांमध्ये निगेटिव्ह येण्याचे आहे. समोरच्या पॉझिटिव्ह रुग्णाबद्दल ते एकटे काहीच सांगत नाही.

प्रकाशित आकड्यांवर किती विसंबायचे, हा मूल्यमापनाचा खरा भाग. टीएमटीच्या बहुतेक जुन्या अभ्यासांत व्हेरिफिकेशन बायस आहे: टेस्ट पॉझिटिव्ह आली की अँजिओग्राफी, निगेटिव्ह आली की घरी. त्यामुळे निगेटिव्ह गटात दडलेला आजार मोजलाच जात नाही. सेन्सिटिव्हिटी फुगते, स्पेसिफिसिटी घटते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८१४ पुरुषांनी टेस्टचा निकाल काहीही आला तरी अँजिओग्राफी करून घेण्याचे आधीच मान्य केले होते. तिथे सेन्सिटिव्हिटी ४५% आणि स्पेसिफिसिटी ८५% आली. दोन्ही आकडे बरेच सरकले, पण भागाकार करून पाहा: एलआर+ ३.०, जवळपास जुनाच. बिघडला तो एलआर−: ०.४२ वरून ०.६५. म्हणजे बायस दूर केल्यावर पॉझिटिव्ह निकालाची किंमत तेवढीच राहिली, निगेटिव्ह निकालाची घसरली. टीएमटी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनी हे पाहावे. ६२ वर्षांच्या, टिपिकल वेदना असलेल्या पुरुषाची शक्यता २०१९ च्या सारणीनुसार ४४%. टीएमटी निगेटिव्ह आल्यावर जुन्या एलआरने ती २५% होते, सुधारित एलआरने ३४%. दोन्ही आकड्यांवर त्याला घरी पाठवणे धोक्याचे.

या बाईंच्या बाबतीत आणखी एक अडचण शिबिरात कुणी पाहिली नव्हती: हिमोग्लोबिन ८.९. रक्तक्षय असताना रक्तवाहिन्या मोकळ्या असूनही श्रमात एसटी खाली जाऊ शकतो, आणि जिना चढताना दम लागून छाती दाटू शकते. म्हणजे त्यांच्यासारख्यांत खोट्या पॉझिटिव्हचे प्रमाण अभ्यासातल्या ३०% पेक्षा जास्त असणार आणि खरा एलआर+ २ हून कमी. किती कमी, याचा आकडा देण्याचा मोह मी टाळतो; दिशा मात्र स्पष्ट आहे. १९% ही आपली वरची बाजू समजावी. रक्तक्षयामुळे वेदनेच्या वर्गीकरणालाही धक्का बसतो, कारण मग श्रमाने सुरू होणे हा निकष हृदयाकडेच बोट दाखवतो असे राहत नाही.

निर्णय. २०१९ च्या युरोपियन तत्त्वांनुसार चाचणीपूर्व शक्यता ५% पर्यंत असेल तर सहसा पुढे तपासत नाहीत, १५% च्या वर असेल तर तपासणीचा फायदा सर्वाधिक, मधल्यांत व्यक्ती पाहून. १२ ते २४ या पट्ट्यात आजार नाकारता येत नाही, आणि थेट कॅथेटर घालण्याइतका तो पक्काही नाही. सुरुवातीच्या आकड्याबद्दल आपण कितीही वाद घातला तरी कृती बदलत नाही, म्हणून त्या वादात अधिक वेळ घालवत नाही.

पुढची चाचणी निवडायची ती नकार देण्यात बलवान असलेली. सीटी कोरोनरी अँजिओग्राफीची, ५०% हून अधिक अरुंदपणा ओळखण्यातली, सेन्सिटिव्हिटी ९७% आणि स्पेसिफिसिटी ७८% मानली जाते, एलआर− ०.०४, एलआर+ ४.४. १९% वरून निगेटिव्ह आली तर शक्यता १% च्या खाली जाते. पॉझिटिव्ह आली तर ५१%. तेव्हा कॅथेटर अँजिओग्राफीचा सल्ला देताना हात अडखळणार नाही. सीटीसाठी किडनीचे काम आणि रेडिएशन पाहावे लागेल, क्रिएटिनिन ०.८ आहे.

त्यामुळे योजना अशी: लोहाची कमतरता तपासून उपचार आजपासून, पाळीतल्या रक्तस्रावासाठी स्त्रीरोग विभागाचा सल्ला, मिसरी बंद करण्यासाठी समुपदेशन, विश्रांतीतही दुखू लागल्यास किंवा घाम येऊन दाटल्यास थेट तातडीच्या विभागात. सीटी दोन आठवड्यांत. हिमोग्लोबिन सुधारण्याची वाट पाहून ती लांबवायची नाही. दरम्यान कुणी ‘खात्रीसाठी’ टीएमटी पुन्हा करून ती पुन्हा पॉझिटिव्ह आली, तर १९% ला आणखी एकदा २.१ ने गुणू नये. एलआर एकापुढे एक गुणायचे ते चाचण्या परस्परांपासून स्वतंत्र असतील तर; त्याच रक्तक्षयाने त्याच ग्राफवर दुसऱ्यांदा काढलेली तीच रेघ नवा पुरावा ठरत नाही.