विषय: शोधनिबंध क्र. शो-४१, सुधारित प्रत आणि परीक्षकांच्या मुद्द्यांना उत्तरे

मा. संपादक यांस,
सादर नमस्कार.

‘पेंढ्याचे आच्छादन, काढणीची पक्वता आणि हापूसमधील साका’ या आमच्या निबंधाची सुधारित प्रत सोबत जोडली आहे. दोन्ही परीक्षकांनी निबंध बारकाईने वाचला, त्यांचे मनापासून आभार. पहिल्या परीक्षकांच्या एका हरकतीमुळे निष्कर्षच बदलला आहे, म्हणून तो बदल आधी सांगतो. आच्छादन आणि पक्वता यांचा एकत्रित परिणाम दिसतो, हे विधान मागे घेतले आहे. सारांश, तक्ता ३ आणि चर्चेचा दुसरा परिच्छेद त्यानुसार नव्याने लिहिला आहे.

परीक्षक १

मुद्दा १: “प्रत्येक फळ स्वतंत्र निरीक्षण धरले आहे. आच्छादन तर झाडाला दिले होते.”

उत्तर: मान्य. ३ बागांतील प्रत्येकी ८ झाडे, त्यांपैकी ४ झाडांखाली आच्छादन, आणि दर झाडाची दोन टप्प्यांत २०-२० फळे अशी मांडणी आहे. फळे ९६० असली, तरी आच्छादनासाठी प्रायोगिक एकके २४ झाडेच आहेत. एका झाडाची फळे एकमेकांसारखी वागतात. त्यांना सुटी मोजले की प्रमाणित त्रुटी खोटी लहान दिसते. विश्लेषण पुन्हा केले ते असे:

```r
glmer(cbind(saka, nirogi) ~ bag + achhadan * pakvata +
      (1 | zad) + (1 | nond), family = binomial, data = d)
```

बागा तीनच असल्याने त्यांच्यातील विचरणाचा अंदाज भरवशाचा येत नाही, म्हणून बाग हा स्थिर घटक ठेवला. `nond` म्हणजे दर झाडाच्या दर टप्प्याची एक ओळ. अपेक्षेपेक्षा जास्त असलेले विचरण ती सामावून घेते. आच्छादन आणि पक्वता यांचे स्वतंत्र परिणाम टिकले, त्यांची विश्वासांतरे मात्र रुंदावली (पान ९, ओळी २१४ ते २३१).

मुद्दा २: “साक्याची तपासणी कोणी व कशी केली?”

उत्तर: साका कोयीलगत सुरू होतो, त्यामुळे वरवरच्या चिरेत सुरुवातीची फळे निरोगी वाटतात. अढीत पिकलेल्या प्रत्येक फळाचे दोन्ही गाल कोयीला लागून कापले. कापणाऱ्याला फळ कोणत्या झाडाचे ते माहीत नव्हते, फळावर फक्त क्रमांक होता. ही माहिती पान ६ वर घातली आहे.

परीक्षक २

मुद्दा १: “तरंगण्याच्या चाचणीचा तपशील अपुरा आहे.”

उत्तर: ९७५ ग्रॅम पाण्यात २५ ग्रॅम मीठ, म्हणजे वजनाने २.५ टक्के. साध्या पाण्यात बुडणारी पण या द्रावणात तरंगणारी फळे एका गटात धरली, दोन्हींत बुडणारी दुसऱ्या गटात. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते आणि त्याची घनता मुळातच वाढलेली असते. अशा पाण्यात ‘साध्या पाण्याची’ पायरीच चुकते, म्हणून शुद्ध केलेले पाणी वापरले. देठाचा चीक आणि माती उतरून द्रावण बदलते, त्यामुळे दर गटाआधी हायड्रोमीटरने घनता तपासली आणि तापमान नोंदले. चाचणीनंतर फळे गोड्या पाण्यात धुऊन कोरडी केली. ही कृती इतरांना जशीच्या तशी करता यावी, म्हणून तिला स्वतंत्र परिच्छेद दिला आहे (पान ५).

मुद्दा २: “पेंढा खोडापासून दूर का ठेवला?”

उत्तर: वाळवीमुळे. १५ सेंमीचा थर खोडाभोवती ३० सेंमी जागा मोकळी सोडून पसरला. एक वाक्य वाढवले आहे.

मुद्दा ३: “दुसऱ्या हंगामाची आकडेवारी जोडावी.”

उत्तर: ही आमच्याकडे नाही. हापूस एका वर्षी भरपूर आणि पुढच्या वर्षी कमी धरतो, तेव्हा एका हंगामावरून सर्वसाधारण शिफारस करणे योग्य नाही, हे आम्हालाही पटते. शीर्षकात ‘एका हंगामातील निरीक्षणे’ जोडले आणि बागायतदारांसाठीची शिफारस काढून टाकली.

मुद्दा ४: “कॅल्शियमच्या कमतरतेची चर्चा वाढवावी.”

उत्तर: हा बदल केलेला नाही. फळांतील कॅल्शियम आम्ही मोजलेले नाही. न मोजलेल्या घटकावर चर्चा उभी केली, तर वाचक तो आमचाच निष्कर्ष समजतील. आपले मत वेगळे असल्यास कळवावे, विचार करू.

शुद्धलेखनाच्या सर्व दुरुस्त्या स्वीकारल्या आहेत. वर दिलेले पान व ओळक्रमांक बदल न दाखवणाऱ्या स्वच्छ प्रतीतील आहेत.

जोडलेल्या फाइली: `shodh41_swachchha.docx`, `shodh41_badal.docx` (बदल दाखवणारी), `shodh41_mahiti.csv` (४८ ओळी, झाड व टप्पा यांनुसार) आणि `shodh41_vishleshan.R`. आकृती २ आता ६०० डीपीआयमध्ये आहे. हा निबंध अन्यत्र विचाराधीन नाही, आणि सर्व लेखकांनी ही प्रत वाचून संमती दिली आहे.

नव्या विश्लेषणामुळे तक्ता ३ पूर्ण बदलला आहे, तेव्हा तो पहिल्या परीक्षकांनी पुन्हा पाहावा, अशी विनंती.

आपले विश्वासू,
शोधनिबंधाचे लेखक
रत्नागिरी